25 टक्के म्हणजे कशाचे 25 टक्के? भागीदारीत शिरताना डीड कसं वाचावं

प्रश्न: फोंड्यात हार्डवेअर आणि रंगाचं जुनं दुकान आहे, दोन भावांची फर्म. मला तिसरा पार्टनर म्हणून घेतायत. मी 20 लाख घालायचे, नफ्यात 25 टक्के माझे, उरलेले 75 त्या दोघांचे. वर्षाला साधारण 24 लाख नफा आहे असं सांगितलंय. ताळेबंदात दोघांचं भांडवल 15-15 लाख आणि करंट अकाउंटला 30-30 लाख दिसतात. बँकेची सी.सी., म्हणजे कॅश क्रेडिटची मर्यादा, आहे, कुर्टीला गोदाम आहे. मी पूर्ण वेळ दुकानात बसणार. डीडचा ड्राफ्ट आलाय, वकील म्हणतात ‘स्टँडर्ड आहे’. नफा, भांडवल आणि निवृत्ती ही तीन कलमं टाइप करून सोबत पाठवलीत. सही करण्याआधी नेमकं काय बघू? लग्न झालंय, बायको नोकरी करते.

उत्तर:

मी मडगावात सी.ए. म्हणून प्रॅक्टिस करतो आणि दरवर्षी असे दोन-चार ड्राफ्ट तरी टेबलावर येतात. ‘स्टँडर्ड’ या शब्दाला घाबरा. डीड स्टँडर्ड असतं ते ज्यांच्यासाठी पहिल्यांदा लिहिलं गेलं त्यांच्यासाठी. इथे ते दोन सख्ख्या भावांसाठी लिहिलेलं दिसतंय. भावाभावांत कोण किती व्याज घेतो, कोण कधी पैसे उचलतो याने फारसं बिघडत नाही, कारण दोघांचे आकडे सारखेच. त्याच कलमांत तिसऱ्या माणसाचं नाव घातलं की कलमांचा अर्थच बदलतो. तुमच्या ड्राफ्टमध्ये नेमकं हेच झालंय.

तीन कलमं सुटी वाचू नका. नफ्याचं कलम भांडवलाच्या कलमावर उभं आहे, आणि दोन्हींचा खरा हिशेब निवृत्तीच्या कलमात लागतो. मी नफ्यापासून सुरू करतो, कारण तुमचं मन त्या 25 वर अडकलंय.

पहिली गोष्ट, 24 लाख ही नफा-तोटा पत्रकातली कुठली ओळ आहे ते विचारा. भागीदारी फर्मच्या पत्रकात नफा एकदाच दिसत नाही. आधी धंद्याचा नफा, त्यातून भागीदारांच्या भांडवलावरचं व्याज वजा, मग काम करणाऱ्या भागीदारांचा मेहनताना वजा, मग फर्मचा आयकर, आणि तळाशी जे उरतं ते ठरलेल्या प्रमाणात वाटलं जातं. तुमचे 25 टक्के या तळाच्या उरल्यासुरल्यावर आहेत. बोलताना लोक नेहमी वरची ओळ सांगतात. त्यात फसवणूक असतेच असं नाही, त्यांच्या डोक्यात धंद्याचा नफा म्हणजे तोच असतो.

आता तुम्ही टाइप केलेलं कलम बघा. व्याज 12 टक्के, ‘भांडवल व करंट अकाउंटवरील जमा रकमेवर’. हे करंट अकाउंट बँकेतलं नव्हे, फर्मच्या पुस्तकातलं भागीदाराचं चालू खातं. मेहनताना ‘आयकर कायद्यानुसार जास्तीत जास्त अनुज्ञेय, पहिला आणि दुसरा पक्ष यांना समान’. ही दोन वाक्यं घेऊन 24 लाखांचा हिशेब करून बघू. 2025-26 चे नियम धरतो. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झालाय, त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, म्हणून क्रमांकांच्या भानगडीत फारसा पडत नाही.

भावांचे प्रत्येकी 45 लाख जमा, त्यावर 12 टक्क्यांनी प्रत्येकी 5.40 लाख, दोघांचे 10.80. तुमच्या 20 लाखांवर 2.40. एकूण व्याज 13.20 लाख. उरले 10.80. मेहनतान्याची आयकरातली कमाल मर्यादा अशी: पहिल्या 6 लाखांवर 90 टक्के (किमान 3 लाख), त्यावरच्या रकमेवर 60 टक्के. म्हणजे 5.40 अधिक 2.88, एकूण 8.28 लाख. तो ‘पहिला आणि दुसरा पक्ष’ यांना. तुम्ही तिसरा पक्ष. सकाळी शटर उघडण्यापासून दिवसभर दुकानात बसूनही मेहनताना शून्य. आता उरले 2.52 लाख. त्यावर फर्मचा कर सेससकट 31.2 टक्के, साधारण 79 हजार. वाटायला राहिले 1.73 लाख. तुमचे 25 टक्के म्हणजे 43 हजार.

थोडक्यात, धंद्याने 24 लाख कमावले आणि तुमच्या हाती आले 2.83 लाख, त्यातले 2.40 तुमच्याच पैशावरचं व्याज. तुम्ही डोक्यात 24 च्या 25 टक्क्यांचे 6 लाख धरून बसला असणार.

याहून वाईट वर्ष बघा. समजा बांधकामं मंदावली आणि नफा 5 लाखांवर आला. भागीदारी कायदा, 1932 च्या कलम 13 प्रमाणे भांडवलावरचं व्याज फक्त नफ्यातूनच द्यायचं असतं. पण तुमच्या ड्राफ्टमध्ये ‘नफा असो वा नसो’ असे चार शब्द आहेत, आणि डीड तसं म्हणत असेल तर डीडच चालतं. मग 13.20 व्याज खर्ची पडणार, वर 3 लाख मेहनताना, कारण तोट्यातही आयकर 3 लाखांपर्यंत चालवतो आणि ड्राफ्ट ‘जास्तीत जास्त अनुज्ञेय’ म्हणतोय. 5 लाखांच्या नफ्याचा 11.20 लाखांचा कागदी तोटा झाला. त्यातले 25 टक्के, 2.80 लाख, तुमच्या खात्यातून वजा. 2.40 जमा, 2.80 नावे. धंद्याने 5 लाख कमावले त्या वर्षी तुमचं भांडवल 40 हजारांनी घटलं, आणि भावांनी मिळून 5.40 लाख घेतले.

पण भावांची बाजूही खरी आहे. त्यांचे 60 लाख करंट अकाउंटला पडून आहेत म्हणजे त्यांनी वर्षानुवर्षं नफा उचलला नाही. दुकानातला माल त्या पैशावर उभा आहे. त्यावर काहीच व्याज देऊ नका म्हणालात तर बोलणी तिथेच संपतील. म्हणून टक्केवारीवर भांडू नका, वरच्या दोन ओळींवर बोला. फिक्स्ड कॅपिटलवर 12, करंट अकाउंटवर 6, मेहनताना तिघांत समान आणि ‘नफा असो वा नसो’ खोडलं, एवढंच. त्याच 24 लाखांत आता व्याज 9.60, मेहनतान्याची मर्यादा 10.44, त्यातला तुमचा तिसरा हिस्सा 3.48. तळाशी कर जाऊन 2.72 लाख, त्यात तुमचे 68 हजार. एकूण 6.56 लाख. 25 टक्के तेच राहिले, पैसे दुपटीहून जास्त झाले.

मेहनतान्याबद्दल आणखी एक. ‘परस्पर संमतीने ठरेल तो’ असं मोघम लिहू देऊ नका. आकडा किंवा तो काढायची रीत डीडमध्ये नसेल तर आयकर खातं तो खर्च नाकारतं, यावर 1996 चं परिपत्रक आहे. आणि व्याज, मेहनताना मिळून वर्षाला 20 हजारांवर गेलं की एप्रिल 2025 पासून फर्मला 10 टक्के टीडीएस कापावा लागतो, पैसे न देता नुसते खात्यावर जमा केले तरी. जुन्या फर्मच्या अकाउंटंटना हे अजून अंगवळणी पडलेलं नाही, विचारून घ्या.

आता भांडवलाकडे. तुमच्या कलमात दोन वाक्यं शेजारीशेजारी आहेत आणि ती एकत्र वाचायला हवीत. एक, ‘तिसऱ्या पक्षाचं 20 लाख भांडवल फिक्स्ड राहील, 5 वर्षं काढता येणार नाही.’ दोन, ‘भागीदारांना करंट अकाउंटमधून गरजेप्रमाणे उचल करता येईल.’ तुमचं सगळं फिक्स्डमध्ये, त्यांचं दोन-तृतीयांश करंटमध्ये. म्हणजे तुमचे 20 लाख सोमवारी बँकेत आले आणि बुधवारी थोरल्या भावाने 20 लाख उचलले, तर डीडचा कुठलाही भंग होत नाही. धंद्यात नवा पैसा आलाच नाही, फक्त एका भावाचा हिस्सा तुम्ही विकत घेतलात, तेही तसं कुठे न लिहिता. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. एका अशिलाने नवी टिंटिंग मशीन आणि माल भरायला म्हणून घातलेले पैसे तीन महिन्यांत भागीदाराच्या मुलीच्या लग्नात गेले. भागीदार वाईट माणूस नव्हता, पैसे त्याचेच होते. डीडने अडवलं नव्हतं, एवढंच.

यावर उपाय म्हणजे करंट अकाउंटच्या उचलीला वार्षिक मर्यादा, किंवा त्या 60 पैकी काही भाग, समजा 15-15 लाख, फिक्स्डमध्ये वळवून घेणं. बँकही बहुधा हेच मागते. सी.सी.चं सँक्शन लेटर मागून घ्या, भागीदारांनी भांडवल कमी करायचं नाही अशी अट त्यात असते. असेल तर तीच डीडमध्ये उतरवा म्हणा, ते सोपं जातं.

सँक्शन लेटर मागायला आणखी एक कारण आहे. कलम 31 सांगतं की नवा भागीदार आपण येण्याआधीच्या देण्यांना जबाबदार नसतो. लोक हे वाक्य वाचून निवांत होतात. मग बँक नव्या भागीदाराची सही मागते आणि त्या कागदांत ‘आजवरची आणि यापुढची सर्व येणी’ असं लिहिलेलं असतं. सही झाली की कलम 31 चा उपयोग संपला, कारण तुम्ही स्वतःच कबूल झालात. ही सही टळत नाही, बँक तिच्याशिवाय मर्यादा चालू ठेवणार नाही. पण सही करण्याच्या दिवशीची सी.सी.ची शिल्लक किती होती हे डीडच्या परिशिष्टात लिहून ठेवा, आणि तेवढ्या रकमेचा भार बँकेने तुमच्यावर टाकला तर भाऊ भरून देतील असं एक वाक्य घालून घ्या.

ज्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत ती जुनी उधारी. रंग-हार्डवेअरच्या दुकानात कंत्राटदारांची उधारी असतेच. येणी कितीची आहेत आणि कधीपासूनची आहेत याची वयवार यादी मागा. समजा 42 लाख येणी आहेत आणि त्यातले 9 लाख तीन वर्षांहून जुने, अर्धे कंत्राटदार फोनही उचलत नाहीत. ताळेबंदात ते 9 लाख पूर्ण किमतीला उभे आहेत. तुम्ही आलात, पुढच्या मार्चला ऑडिटर म्हणाला बुडीत लिहा, लिहिले. ते 9 लाख त्या वर्षाचा खर्च झाला आणि 25 टक्क्यांनी सव्वादोन लाख तुमच्या वाट्याला. कलम 31 इथे कामाला येत नाही, कारण हे बाहेरच्या कुणाचं देणं नाही, फर्मचं आतलं नुकसान आहे. तेच मालाचं. पावसाळ्यात दगड झालेलं सिमेंट आणि कुणी मागत नाही त्या शेडचे डबे खरेदी किमतीने धरलेले असतात. तुम्ही येण्याच्या तारखेला मालाची मोजणी दोन्ही बाजूंनी उभं राहून करा, आणि डीडमध्ये लिहा की त्या तारखेआधीच्या येण्यांतलं जे बुडेल ते पहिल्या दोन पक्षांच्याच खात्याला जाईल. कुठलाही समंजस भागीदार याला नाही म्हणत नाही. म्हटलं तर उधारीबद्दल तुम्हाला उत्तर मिळालं असं समजा.

आणि भांडवलाच्या कलमातलं शेवटचं वाक्य, ‘धंद्याच्या गरजेनुसार भागीदार अधिक भांडवल नफ्याच्या प्रमाणात आणतील.’ गरज कोण ठरवणार? दोघे भाऊ बहुमताने ठरवणार असतील तर तुमच्या 20 लाखांना वरची हद्दच नाही. ‘तिघांच्या लेखी संमतीने’ हे शब्द घाला.

निवृत्तीचं कलम मी नेहमी अशा माणसाच्या नजरेने वाचतो जो तीन वर्षांनी वैतागून बाहेर पडतोय. तुमचं कलम सांगतं: सहा महिन्यांची नोटीस, मग ‘मागील 31 मार्चच्या ताळेबंदानुसार खात्यावरील शिल्लक’, ती 60 समान मासिक हप्त्यांत, बिनव्याजी, आणि ‘गुडविल किंवा मालमत्तेच्या वाढीव किमतीवर हक्क राहणार नाही’.

तारखेपासून बघा. तुमचा धंदा पावसाच्या आधीचं वॉटरप्रूफिंग आणि चवथीच्या आधीचं रंगकाम यावर चालतो. समजा नोटीस संपून तुम्ही ऑक्टोबरमध्ये बाहेर पडलात. हिशेब मागच्या मार्चचा. म्हणजे वर्षातला सर्वांत कमाईचा काळ तुम्ही राबलात आणि त्या नफ्यात तुमचा पैसा नाही. उलटही होऊ शकतं, एप्रिल ते सप्टेंबर तोटा असेल तर तुम्ही सुटलात, पण या धंद्यात तसं क्वचितच. निवृत्तीच्या तारखेचा ताळेबंद काढायचा असं लिहून घ्या, किंवा निवृत्ती फक्त 31 मार्चलाच लागू होईल असं ठरवा. दुसरं जास्त सोपं आणि भांडण कमी.

हप्त्यांचं गणित लोक करतच नाहीत. 20 लाखांचे 60 हप्ते म्हणजे महिना 33,333. बिनव्याजी. डीडनेच तुमच्या पैशाचं मोल वर्षाला 12 टक्के ठरवलंय, त्याच दराने पाच वर्षांत विखुरलेल्या या हप्त्यांची आजची किंमत काढली तर सुमारे 15 लाख येते. म्हणजे बाहेर पडण्याची फी 5 लाख, आणि ती कुठेही फी म्हणून लिहिलेली नाही. कायदा इथे तुमच्या बाजूचा आहे. हिशेब पुरा न करता बाकीचे धंदा चालवत राहिले, तर कलम 37 प्रमाणे जाणारा भागीदार एकतर आपल्या पैशावर कमावलेला नफा मागू शकतो किंवा वर्षाला 6 टक्के व्याज. पण तो हक्क ‘विरुद्ध करार नसेल तर’ आहे, आणि ‘बिनव्याजी’ हा शब्द म्हणजे नेमका तो विरुद्ध करार. भावांना एकदम 20 लाख काढून देणं जड जाईल हे मान्य, दुकान त्यासाठी विकायला सांगू नये. 24 हप्ते, शिल्लक रकमेवर 9 किंवा 10 टक्के व्याज, दोन हप्ते चुकले तर सगळी रक्कम लगेच देय. मी बहुतेक वेळा इथे येऊन थांबतो.

आता गोदाम. आधी ते फर्मचं आहे की भावांचं हे बघा. खरेदीखत कुणाच्या नावावर, कुर्टीच्या जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर कुणाची नावं, आणि ताळेबंदात ते स्थावर म्हणून आहे का. ताळेबंदात 11 लाखांना दिसतंय आणि उताऱ्यावर भावांची नावं आहेत, असं निघालं तर आत्ताच एका वाक्यात स्पष्ट करून घ्या. नंतर कुणाच्या तरी वारसांशी हे बोलायची वेळ येऊ नये.

समजा ते फर्मचं आहे, पुस्तकात 11 लाख, बाजारात आज 90. ‘वाढीव किमतीवर हक्क नाही’ या वाक्यावर बरेच नवे भागीदार भडकतात. मला ते अर्धं बरोबर वाटतं. 11 चे 90 झाले तेव्हा तुम्ही तिथे नव्हतात, त्या 79 लाखांत तुमचा नैतिक हिस्सा शून्य. पण तुम्ही 20 लाख घालून पाच वर्षं राबल्यावर 90 चे 120 झाले तर त्या 30 मध्ये 25 टक्के, साडेसात लाख, मागण्यात काही गैर नाही. त्यासाठी व्हॅल्युअरचा रिपोर्ट घेऊन आजची किंमत परिशिष्टात नोंदवा आणि ‘या किमतीवरील वाढीत सर्व भागीदार नफ्याच्या प्रमाणात’ असं लिहा. एका गोष्टीपासून सावध राहा. काही अकाउंटंट सुचवतील की आजच पुनर्मूल्यन करून 79 लाख भावांच्या भांडवल खात्यात टाकू, म्हणजे गोंधळ नको. व्याजाचं कलम तसंच राहिलं तर त्या 79 लाखांवर वर्षाला 9.48 लाख व्याज लागेल आणि तुमच्यासाठी तळाशी काहीच उरणार नाही. पुनर्मूल्यनाची रक्कम व्याजाला पात्र नाही, हे त्याच वेळी लिहिलं पाहिजे.

बाहेर पडताना खात्यावरच्या शिल्लकीपेक्षा जास्त मिळालं तर त्या जास्तीवर 2020-21 पासून भांडवली नफ्याचा कर फर्मवर येतो, तुमच्यावर नाही. भाऊ तेव्हा म्हणतील, कर आम्ही का भरू, तुझ्यातून कापतो. कोण सोसणार हे आज ठरवलं तर पाच मिनिटांचं काम आहे.

तुम्ही बायकोचा उल्लेख केलात ते बरं झालं. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर गोव्यात तुम्ही दोघं मालमत्तेच्या सामाईकीत आहात. या 20 लाखांत तिचा अर्धा वाटा धरायला हवा, तेव्हा तिला डीड वाचायला द्या, निदान निवृत्तीचं कलम तरी. आयकरात याचा फायदा आहे. फर्मकडून मिळणारं व्याज आणि मेहनताना हे कायद्याने पगार नव्हेत, धंद्याचं उत्पन्न आहे, म्हणून ते तुम्हा दोघांच्या रिटर्नमध्ये अर्धं-अर्धं विभागलं जातं. तिचा पगार मात्र तिचाच, तो विभागत नाही. नफ्यातला हिस्सा तुम्हाला करमुक्त, कारण त्यावर फर्मने आधीच भरलाय. टीडीएस तुमच्या पॅनवर कापला जाईल, रिटर्नमध्ये अर्धं क्रेडिट बायकोकडे दाखवायला विसरू नका, दरवर्षी कुणीतरी विसरतंच.

हीच सामाईकी भावांनाही लागू आहे. थोरले वारले तर त्यांच्या खात्यातला अर्धा भाग पत्नीचा आणि उरलेला वारसांचा, आणि वारसांत मतभेद असतील तर इन्व्हेंटरी, म्हणजे वारसा वाटपाची कोर्टातली प्रक्रिया, संपेपर्यंत पैसे कुणाला द्यायचे हेच ठरत नाही. डीडमध्ये वेगळं काही नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. तुमच्या ड्राफ्टच्या तीन कलमांत याबद्दल शब्द नाही. बाकीच्या पानांवर बघा, नसेल तर ‘फर्म चालू राहील आणि वारसांना निवृत्तीच्याच रीतीने रक्कम मिळेल’ हे घालून घ्या.

राहिली एक गोष्ट, जी डीडमध्ये कमी आणि आपल्या हातात जास्त असते. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, फर्ममधून बाहेर पडून दोन वर्षं झालेली, हप्तेही नीट येत होते. मग एका पुरवठादाराची वकिली नोटीस आली, ते बाहेर पडल्यानंतरच्या मालाच्या बिलांसाठी. निवृत्तीचं डीड होतं, स्टॅम्प पेपर होता, सगळं होतं, पण जाहीर सूचना दिली नव्हती. कलम 32 प्रमाणे ती दिली जाईपर्यंत बाहेरच्या लोकांसाठी तुम्ही भागीदारच. नोंदणीकृत फर्मसाठी ती रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे, राजपत्रात आणि स्थानिक भाषेच्या एका वर्तमानपत्रात द्यावी लागते. म्हणून निवृत्तीच्या कलमात लिहा की नोटीस संपल्यापासून 30 दिवसांत हे तिन्ही फर्म करेल आणि नाही केलं तर जाणारा भागीदार स्वतः करून खर्च फर्मकडून घेईल. त्याच 30 दिवसांत बँकेकडून तुमच्या हमीतून मुक्त केल्याचं पत्र. आणि त्याआधी, आत्ता, फर्म मुळात नोंदलेली आहे का आणि तुमचं येणं रजिस्ट्रारकडे नोंदवलं जाणार आहे का ते विचारा. नोंद नसेल, किंवा भागीदारांच्या नोंदवहीत तुमचं नाव नसेल, तर उद्या हिशेबासाठी भावांवर कोर्टात जायची वेळ आली की कलम 69 आडवं येतं.

डीडची बाकीची पानं आणि तीन वर्षांचे ताळेबंद पाठवलेत तर बघतो. नावं आणि पॅन खोडून पाठवा.